मेडिएटरने एकेकट्याला आत बोलावलं तर किती सांगावं?

रबाळे_बॉक्सवाली
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे. एका निर्यातदाराकडे साधारण ११ लाख ४० हजार थकलेत. आकडे मुद्दाम थोडे बदलून लिहितेय. त्यांचं म्हणणं असं की जुलैचा माल ओलसर होता, थप्पी लावल्यावर खालचे बॉक्स बसले, त्यामुळे ५ लाखांच्या वर एक रुपया नाही. वकील म्हणाले, दावा लावण्याआधी मेडिएशन करावंच लागतं. म्हणून ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला. पहिली तारीख झाली.

आधी सगळे एकत्र बसलो. मग मेडिएटर मॅडमनी समोरच्यांना एकटं आत घेतलं, ते चांगले पाऊण तास. आम्ही बाहेर बाकावर. आमची पाळी आली तेव्हा जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. मॅडम म्हणाल्या, "मोकळेपणाने बोला, तुमच्या परवानगीशिवाय पलीकडे काही जाणार नाही." माझी काही बोलायची हिंमत झाली नाही. आमच्या बाजूची एक कमजोर गोष्ट आहे, आणि पैसे लवकर हवेत याला एक कारण आहे. दोन्ही इथेही लिहिणार नाही. पुढची तारीख जवळ आलीय. आत सांगितलेलं खरंच आत राहतं का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

घणसोलीकर_७०१
ताई, आमच्या सोसायटीतही सेम. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून दोन वर्षं गळती. सेक्रेटरीने दोघांना बोलावलं, वरच्याला आधी एकट्याला भेटला, नंतर आम्हाला. दुसऱ्या दिवशी आमचं सगळं बोलणं वरच्याला पाठ! लोकअदालतीत गेलात तर यापेक्षा लवकर होईल.

कोर्टनाका_अण्णा
घणसोलीकर, सेक्रेटरी म्हणजे मेडिएटर नव्हे आणि ही लोकअदालतही नव्हे. ताईंची केस व्यापारी वादाची आहे. ३ लाखांच्या वरचा वाद असेल आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल, तर कमर्शियल कोर्ट कायद्याच्या कलम १२ए खाली आधी हीच पायरी. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात ती सक्तीची असल्याचं सांगितलं.

रबाळेताई, बिनधास्त बोला. मी बावीस वर्षं ठाणे कोर्टात वकिलांकडे काम करतोय. मेडिएशनमध्ये बोललेला शब्द कायद्यानेच गुप्त असतो. एकदा आत सांगितलं की ती गोष्ट कोर्टात कुणाला वापरताच येत नाही. कमजोर बाजू असेल तर उलट आधी सांगून टाका, म्हणजे ती बंद!

सुलभा_म
अण्णा, निम्मं बरोबर आहे, पण उरलेल्या निम्म्यात ताई अडकतील. मी मेडिएटर आहे, प्रशिक्षित, पॅनेलवर काही वर्षं काम करते. ताईंची केस माझ्याकडे नाही, हे आधीच स्पष्ट करते.

गुप्त राहतं ते तुम्ही मेडिएशनमध्ये *बोललात* ते. त्यामागची वस्तुस्थिती गुप्त होत नाही. समजा, ताईंच्या टेम्पोची ताडपत्री फाटलेली होती आणि माल खरंच भिजला होता. ताईंनी हे आत कबूल केलं, तर "त्यांनी मेडिएशनमध्ये कबूल केलं" असं समोरच्याला कोर्टात म्हणता येणार नाही. पण माल उतरवताना त्यांच्या स्टोअरकीपरने चलनावर "ओला माल" असा शेरा मारला असेल, तर ते चलन कोर्टात येणारच. ड्रायव्हरची साक्षही होऊ शकते. आत बोलून टाकल्याने पुरावा पुसला जात नाही. त्यामुळे "सांगून टाका म्हणजे ती बंद" हे मनातून काढा.

दुसरं, "आपोआप गुप्त" ही समजूतही सगळीकडे लागू नाही. १९९६ च्या लवाद आणि समेट कायद्यातलं समेटाचं कलम ७० वाचा. त्यात एका पक्षाने दिलेली वादाबद्दलची माहिती दुसऱ्या पक्षाला सांगावी, म्हणजे त्याला खुलासा करता येईल, असा मूळ नियम आहे. "हे गुप्त ठेवा" अशी अट घालून सांगितलं तरच ती थांबते. आमच्या प्रशिक्षणात मात्र उलटं शिकवतात, की परवानगी नसेल तर सगळं गुप्तच समजायचं. आणि ताईंच्या प्रकाराला लागू असलेल्या २०१८ च्या नियमांत असं आहे की स्वतंत्र बैठकीत आपला तडजोडीचा प्रस्ताव मेडिएटरला देताना त्यातला कोणता भाग पलीकडे सांगायचा, याची स्पष्ट सूचना पक्षाने द्यावी. म्हणजे जबाबदारी थोडी तुमच्यावरही आहे. सूचना मोघम राहिली, तर मेडिएटरला अंदाज करावा लागतो, आणि गडबड तिथेच होते.

रबाळे_बॉक्सवाली
ताडपत्रीचं उदाहरण कुठून आणलंत हो? 😅 असो. मोघम म्हणजे काय? मी "हे जरा जपून" म्हटलं तर चालत नाही का?

सुलभा_म
नाही चालत. "जपून" म्हणजे नेमकं काय ते मला कळत नाही. मी दोन वेगळ्या वह्या ठेवते, एका पक्षाची एक. एकाच वहीत लिहिलं की दुसऱ्याशी बोलताना पान उघडं दिसतं, आणि माणसं उलटं वाचण्यात पटाईत असतात. बैठक संपवण्याआधी शेवटची पाच मिनिटं मी राखून ठेवते आणि लिहिलेला प्रत्येक मुद्दा मोठ्याने वाचते. "हे नेऊ का? हे इथेच ठेवू? हे नेलं तर तुमचं म्हणून नेऊ, की माझा प्रश्न म्हणून?" तिसरा प्रश्न बहुतेकांना सुचत नाही, पण सगळ्यात उपयोगी तोच. पक्षकाराने जे मुद्दे "इथेच" म्हटले, त्यांच्यापुढे मी चौकट काढते.

तुमच्या मॅडमनी असं वाचून दाखवलं नसेल तर पुढच्या वेळी तुम्हीच म्हणा, "मॅडम, यातलं काय पलीकडे जाणार ते एकदा सांगता का?" कुणालाही त्याचा राग येणार नाही.

अॅड_पाचपाखाडी
सुलभाताईंचं म्हणणं बरोबर, पण शब्दाने फुटण्यापेक्षा इतर मार्गांनी फुटतं ते जास्त. मी पक्षकाराच्या बाजूने शेकडो वेळा बाहेरच्या बाकावर बसलोय, तिथूनच बरंच कळतं. समोरच्याची बैठक संपते आणि मेडिएटर येऊन पहिलाच प्रश्न विचारतात, "जुलैच्या लॉटचे सॅम्पल तुम्ही ठेवलेत का?" एकत्र बैठकीत सॅम्पलचा विषयच निघाला नव्हता. मग मी काय समजायचं? पलीकडे जुलैच्या लॉटबद्दल काहीतरी बोलणं झालंय. मेडिएटरने एक शब्द फोडला नाही, तरी मला बातमी मिळाली.

मी तर पक्षकारांना सरळ सांगतो, कॉकसमध्ये, म्हणजे मेडिएटरबरोबरच्या स्वतंत्र बैठकीत, कमीत कमी बोला. आणि तुमचा खालचा आकडा तर कुणालाच सांगू नका, मेडिएटरलाही नाही. एकदा त्यांना ८ कळला की त्यांची सगळी गाडी ८ च्या दिशेनेच जाते. मुद्दाम करतात असं नाही, माणूस आहे शेवटी.

सुलभा_म
पाचपाखाडी, सॅम्पलचं उदाहरण अगदी नेमकं आहे. नवा मेडिएटर हमखास तिथेच घसरतो. त्यावर माझी सवय अशी: पहिल्या स्वतंत्र बैठकीच्या आधी, म्हणजे एकत्र बैठक ऐकून झाली की, दोन्ही बाजूंना विचारायचे प्रश्न मी लिहून ठेवते. "सगळ्या लॉटचे चलन, सॅम्पल, तक्रारीचे ईमेल कुणाकडे काय आहेत" हा प्रश्न तेव्हाच यादीत येतो. नंतर ताईंनी आत काही सांगितलं तरी मी समोरच्याला तोच जुना, सगळ्या लॉटचा प्रश्न विचारते. जो प्रश्न गुपित ऐकल्यावरच सुचला, तो मी पलीकडे विचारत नाही. विचारायलाच हवा असं वाटलं तर आधी सांगणाऱ्याची परवानगी.

वेळेचंही तसंच. पाऊण तास आणि पंधरा मिनिटं असं झालं की बाहेरचा माणूस हिशेब मांडत बसतो. म्हणून एकत्र बैठकीतच सांगून ठेवावं, की एकाला जास्त वेळ लागेल, त्याचा अर्थ लावू नका. कधी तर मी नुसतीच हिशेबाची बेरीज तपासत बसलेली असते.

खालच्या आकड्याबद्दल तुमच्याशी निम्मी सहमत आहे. मी "तुमचा शेवटचा आकडा काय" असं विचारतच नाही. एक तर लोक पहिल्यांदा सांगतात तो शेवटचा नसतो. दुसरं, तो कळल्यावर समोरच्याच्या ६ ला मी "अजून थोडं वाढवा" म्हणते की "बरंच वाढवा" म्हणते, यातून तो आकडा फुटतो. मी विचारते, "आज कोणता आकडा पलीकडे न्यायची मला परवानगी आहे?" पण पैशांची *गरज कधी आहे* हे मात्र सांगावं असं माझं मत आहे. ते कळलं नाही तर मी बारा महिन्यांचे हप्ते आखत बसेन आणि तुम्हाला हवे असतील एकदम.

अॅड_पाचपाखाडी
आणि समोरच्याला "त्यांना एकरकमी हवेत" कळलं की तो म्हणणार, घ्या एकरकमी, पण साडेपाच. गरज म्हणजे आकडाच आहे की हो. इथे आपलं जमणार नाही.

ऐरोली_सीए
मधे बोलतो. माझ्या एका क्लायंटच्या वेळी मेडिएटरने बंद पाकीट पद्धत वापरली होती. दोघांनी आपापला आकडा कागदावर लिहून दिला. आधीच ठरलं होतं की घेणाऱ्याचा आकडा देणाऱ्याच्या आकड्याएवढा किंवा कमी असेल तर मधला आकडा पक्का. समजा घेणाऱ्याचे ८ आणि देणाऱ्याचे साडेआठ, तर सव्वाआठ. नाहीतर फक्त "जमलं नाही" एवढंच सांगायचं आणि कागद फाडायचे. असं केलं तर?

सुलभा_म
चालतं, पण शेवटी शेवटी, अंतर कमी उरल्यावर. सुरुवातीलाच केलं आणि जमलं नाही, तर "जमलं नाही" हीसुद्धा माहितीच झाली. माझे ८ त्यांना जड जातात, असं घेणाऱ्याला कळतं. आणि कागद दोघांसमोर फाडायचे. मेडिएटरच्या टेबलावर आकड्याचा कागद राहू द्यायचा नाही.

ऐरोली_सीए
माझा खरा प्रश्न वेगळा आहे. आत सांगितलेली गोष्ट अशी असेल की ती लपवून समझोता केला तर दुसऱ्याचं नुकसानच होईल, तर मेडिएटर काय करतो? गप्प राहतो?

सुलभा_म
प्रशिक्षणात यावर एक सरावाची केस आम्हाला देतात, तीच सांगते. कल्पित आहे, त्यामुळे माझ्याकडून कुणाची गुपितं फुटत नाहीयेत.

तुर्भ्याचा एक सुटे भाग पुरवणारा, त्याचे १८ लाख येणं. समोर एक छोटा कारखानदार. बोलणी १५ लाखांवर आली, सव्वा लाखाचे १२ हप्ते. दोघंही खूश. सही आधीच्या स्वतंत्र बैठकीत कारखानदार हसत म्हणतो, "मॅडम, खरं सांगू का, गाळ्याचं लीव्ह अँड लायसन्स चार महिन्यांत संपतंय. मग हे बंद करून चाकणला बायकोच्या नावाने नवीन सुरू करणार. हे त्यांना सांगू नका हं." म्हणजे चार हप्ते येणार, ५ लाख. बाकीचे १० लाख घ्यायला पुरवठादार कुणाच्या दारात उभा राहणार?

आता मेडिएटरपुढे दोन सोपे रस्ते असतात आणि दोन्ही चुकीचे. एक, पुरवठादाराला जाऊन सूचक बोलायचं, "हप्ते नका घेऊ, माझं ऐका." ते गुपित फोडणंच आहे, फक्त शब्द वेगळे. दुसरा, "मला काय, मी तटस्थ" म्हणून सह्या होऊ द्यायच्या. मग मेडिएटरच्या साक्षीने एक खोटं वचन कागदावर उतरतं.

करायचं असं: परत कारखानदाराशीच बोलायचं, दार बंद करून. "तुम्ही बारा हप्ते लिहून देताय आणि आठ देणार नाही हे तुम्हाला आजच माहीत आहे. ही फसवणूक झाली. अशी सही पुढे टिकत नाही, २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही समझोत्याला आव्हान द्यायच्या मोजक्या कारणांत फसवणूक आहे. तुमचं म्हणणं मी पलीकडे सांगणार नाही. पण हा कागद मी पुढे नेणार नाही." मग त्याच्यासमोर तीन वाटा ठेवायच्या. स्वतः सांगा, किंवा पाळता येईल असाच प्रस्ताव द्या, किंवा मी इथे थांबते.

सरावात आमच्या कारखानदाराने दुसरी वाट घेतली. चार महिन्यांत ३-३ लाख, एकूण १२. कारण न देता. पुरवठादाराला विचारलं, "१५ लाख वर्षभरात की १२ लाख चार महिन्यांत?" त्याने १२ घेतले.

यात पुरवठादाराला मी आणखी एक विचारते, "तिसरा हप्ता आला नाही तर काय करायचं? जामीन कोण राहणार? मालक स्वतः सही करणार की नुसती फर्म?" पण हे हप्त्यांच्या प्रत्येक केसमध्ये विचारायची सवय *आधीपासून* हवी. फक्त याच केसमध्ये विचारलं तर तो इशाराच झाला.

अॅड_पाचपाखाडी
थांबा थांबा. म्हणजे पुरवठादाराचे ३ लाख गेले, कारण मेडिएटरला माहीत होतं आणि त्याला नव्हतं? चाकणचं कळलं असतं तर तो गाळ्यातल्या मशीनवर जप्तीचा अर्ज घेऊन कोर्टात गेला असता. तातडीचा अर्ज असेल तर १२ए ची पायरीही लागत नाही. तुम्ही त्याला गोड बोलून १२ वर बसवलंत.

सुलभा_म
हा आक्षेप आमच्या वर्गातही आला होता आणि दोन तास वाद झाला. माझं उत्तर इतकंच की कारखानदाराने ते सांगितलं, ते गुप्ततेच्या भरवशावर. भरवसा नसता तर सांगितलंच नसतं, मग १२ हप्त्यांवर सही झाली असती आणि हातात ५ लाख आले असते. पण तुमच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पुरवठादाराचा वकील हुशार असेल तर "एवढी घाई का?" हे तोच विचारेल. विचारावंच त्याने. मी उत्तर देणार नाही, पण कारखानदाराला प्रश्न मात्र नक्की पोचवेन.

कोर्टनाका_अण्णा
आणि मेडिएटर थांबला तर? कोर्टाला किंवा प्राधिकरणाला कारण लिहावं लागतंच ना अहवालात.

सुलभा_म
नाही. "समझोता झाला नाही" एवढंच. सुप्रीम कोर्टाने मोतीराम विरुद्ध अशोककुमार या २०१० च्या निकालात स्पष्ट केलंय की समझोता झाला तर करार पाठवा, झाला नाही तर एका वाक्यात तसं लिहा, आत काय घडलं ते लिहू नका. कुणामुळे फिसकटलं हेही नाही. "अमुक पक्षाचं सहकार्य नव्हतं" असं लिहायचा मोह होतो, पण तेवढ्यानेही न्यायाधीशांच्या मनात एक बाजू रंगते.

अपवाद आहेत. गुन्हा करायचा बेत किंवा धमकी, घरातली हिंसा, मुलांवरचे अत्याचार, लोकांच्या जिवाला किंवा आरोग्याला मोठा धोका, अशा गोष्टी २०२३ च्या कायद्याने गुप्ततेच्या बाहेर ठेवल्या आहेत. त्यामुळे "काहीही झालं तरी बाहेर जाणार नाही" असं वचन मी पहिल्या बैठकीत देत नाही. जे मेडिएटर देतात, ते जास्तीचं बोलतात.

घणसोलीकर_७०१
बरं, पण माझ्या मेव्हण्याने सेक्रेटरीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलंय. तो पुरावा चालेल ना?

अॅड_पाचपाखाडी
घणसोलीकर, तुमचा वेगळा धागा काढा, तिथे सांगतो. इतरांसाठी एवढंच: मेडिएशनमध्ये रेकॉर्डिंग करायचं नाही. मेडिएटरने नाही, पक्षकारानेही नाही. खिशात फोन चालू ठेवून आत जाणारे मी बघितलेत.

रबाळे_बॉक्सवाली
सगळ्यांचे आभार. वकिलांशी बोलले आणि असं ठरवलंय. कमजोर गोष्ट मॅडमना सांगायची, पण "इथेच राहू दे" असं नीट म्हणून, आणि त्यांच्याकडून परत वाचून घ्यायचं. खालचा आकडा सांगायचा नाही, त्यात मी पाचपाखाडींच्या बाजूने. पैसे कधी हवेत ते सांगायचं, पण "का" ते नाही. वकील यावर खूश नाहीत, त्यांच्या मते तेही नको.

एक उरलं. माझा दीर हिशेब बघतो, त्याला आतल्या बैठकीत नेता येईल का? तो समोरच्यांच्या खरेदी मॅनेजरचा जुना मित्र आहे.

सुलभा_म
नेता येईल, मेडिएटरला आधी सांगून. गुप्ततेचं बंधन त्यालाही लागू होतं. पण बंधन असणं आणि पाळलं जाणं यात फरक असतो. संध्याकाळी मित्राचा फोन आला तर तो काय बोलेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. मी असते तर लेजर आणि चलनं घेऊन त्याला बाहेर बसवलं असतं, हिशेबापुरतं आत बोलावलं असतं आणि पुढचं बोलणं सुरू होण्याआधी परत बाहेर.

ऐरोली_सीए
लेजर समोरच्याकडूनही कन्फर्म करून घ्या ताई. थकबाकीचा आकडाच दोघांच्या वह्यांत वेगळा असेल तर बाकी सगळी बोलणी नंतर.